मदत हवी आहे: एफ टेस्टची तीन वेगवेगळी उत्तरं येतायत

स्वाती_प
उद्या सकाळी गाईडला दाखवायचं आहे आणि दोन दिवस इथेच अडकले आहे. विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या गुणांवर रिग्रेशन केलंय. आईचं आणि वडिलांचं शिक्षण (वर्षांत) हे दोन्ही मिळून गुणांवर परिणाम करतात का, एवढंच तपासायचं आहे. दोन्ही घालून एक मॉडेल चालवलं, दोन्ही काढून दुसरं. रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज पहिल्यात ८०८०, दुसऱ्यात ९६४०. त्यावरून हाताने एफ ९.७५ येतो. आर-स्क्वेअरच्या सूत्राने २.५ येतो. आणि आरमध्ये linearHypothesis चालवलं तर ४.० येतो. यातलं खरं कुठलं? सूत्रं दहा वेळा तपासली आहेत.

टिपकागद
एकूण निरीक्षणं किती? मॉडेलमध्ये बाकी काय काय आहे? दोन्ही आर-स्क्वेअर किती? हे नसताना तुमचा ९.७५ कसा आला हेसुद्धा आम्हाला पडताळता येत नाही.

सुधीरकाका
ताई, इतकं कशाला करताय? समरीच्या शेवटच्या ओळीत एफ छापलेला असतोच. त्याची पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी असेल तर झालं की काम.

स्वाती_प
काका, तिथे २४.७५ आहे. म्हणजे आता चौथं उत्तर झालं!
टिपकागद, बाकी फक्त हजेरी आणि मागच्या वर्षीचे गुण. १२० विद्यार्थी. आर-स्क्वेअर मोठ्या मॉडेलचा ०.४९५, छोट्याचा ०.४७०.

निळीशाई
सुधीरकाका, तो शेवटच्या ओळीतला एफ वेगळा प्रश्न विचारतो. हजेरी, मागचे गुण, आई, वडील या चारही गोष्टींचे सहगुणक एकदम शून्य आहेत का, असा. मागचे गुण एकटेच इतके जोरदार असतात की तो आकडा मोठा येणारच. त्यातून आईवडिलांबद्दल काहीच कळत नाही.

मेघना२७
मी माझ्या प्रबंधात हाच त्रास काढलाय. आधी दोघांचे टी बघा. दोन्ही लहान असतील तर दोन्ही सरळ काढून टाका, एफ वगैरे करत बसू नका. माझ्याकडे सहा डमी होते, एकाचाही टी दोनच्या वर नव्हता, सगळे काढले आणि मॉडेल छान सुटसुटीत झालं.

स्वाती_प
टी आईचा १.१ आणि वडिलांचा १.२. म्हणून तर एफ करायला सांगितलंय मला.

निळीशाई
मेघना, इथेच घोटाळा होतो. स्वाती, आई आणि वडील यांच्या शिक्षणात कोरिलेशन किती आहे?

स्वाती_प
साधारण ०.७.

निळीशाई
मग टी लहान येणं साहजिक आहे. आईचा टी विचारतो, ‘वडिलांचं शिक्षण आधीच मॉडेलमध्ये असताना आईचं आणखी काय सांगतं?’ फारसं नाही, कारण दोघं बहुतेक तेच सांगतात. वडिलांचंही तसंच. पण दोघांना एकदम बाहेर काढलं की ती सामाईक माहितीच जाते. एकदा फक्त आईला काढून बघा, वडिलांचा टी १.२ वरून कुठे जातो ते.

मेघना२७
पण ०.७ म्हणजे व्हीआयएफ दोनच्या आसपास. दहाच्या खाली असेल तर मल्टिकोलिनिॲरिटी नाही, असंच शिकवतात ना?

निळीशाई
दहाचा आकडा हा ठोकताळा आहे. दोघांचाही परिणाम मध्यमच असेल, तर व्हीआयएफ दोन असतानाही दोन्ही टी दोनच्या खाली जाऊ शकतात.

टिपकागद
टी बाजूला ठेवा, मूळ प्रश्न तीन आकड्यांचा आहे. स्वाती, दोन्ही मॉडेलच्या समरीत रेसिड्युअल स्टँडर्ड एररच्या शेजारी डिग्री ऑफ फ्रीडम किती लिहिलेत? आठवणीतून नको, स्क्रीनवरून बघून सांगा.

स्वाती_प
मोठ्यात १०१, छोट्यात ११७. मोठ्याच्या खाली (14 observations deleted due to missingness) असंही आहे. त्याचा संबंध आहे का?

टिपकागद
तेच कारण आहे. दोन सहगुणकांवर निर्बंध घातला की डिग्री ऑफ फ्रीडम दोनानेच वाढायला हवेत, तुमचे सोळाने वाढलेत. चौदा जणांच्या आईचं किंवा वडिलांचं शिक्षण कोरं आहे. मोठ्या मॉडेलने ती चौदा मुलं न विचारता गाळली. छोट्याला ते रकाने लागतच नाहीत, म्हणून त्याने १२० च्या १२० घेतली. म्हणजे तुमची तुलना दोन वेगळ्या गटांची झाली.

९६४० मध्ये त्या चौदा जणांच्या चुकांचे वर्गही मिसळलेत. ती वाढ तुम्ही आईवडिलांच्या खात्यावर मांडलीत, म्हणून एफ फुगून ९.७५ झाला. आर-स्क्वेअरच्या सूत्राचं आणखी अवघड आहे. ते चालतं तेव्हा दोन्हीकडे गुणांची एकूण वर्गबेरीज एकच असते, ती छेदात कटते. तुमच्याकडे ती दोन्हीकडे वेगळी आहे, त्यामुळे उत्तर कुठल्याही बाजूला सरकू शकतं. आधी कोऱ्या ओळी काढा, मग दोन्ही मॉडेल त्याच डेटावर चालवा:

```
d  <- na.omit(df[, c("gun","hajeri","maagil","aai","vadil")])
ur <- lm(gun ~ hajeri + maagil + aai + vadil, data = d)
r  <- lm(gun ~ hajeri + maagil, data = d)
anova(r, ur)
```

तुम्ही anova वापरलं असतं तर आरने डेटाचा आकार वेगळा असल्याची एरर देऊन तिथेच अडवलं असतं. linearHypothesis फक्त मोठ्या मॉडेलवर चालतं, १०६ जणांवरच. म्हणून ते बरोबर होतं.

सुधीरकाका
माझ्या वेळी आम्ही कोऱ्या जागी सरासरी भरायचो. मग १२० चे १२० राहतात आणि हा प्रश्नच येत नाही.

उंबरठा
काका, सरासरी भरली की दोन्ही मॉडेल एका डेटावर येतील हे खरं. पण सगळ्या कोऱ्या जागी एकच आकडा बसतो, त्या रकान्यातला खरा चढउतार कमी होतो आणि सहगुणकही बिघडू शकतात. एक अडचण जाऊन दुसरी येते.
स्वाती, ब्रॉईश-पेगन केलीत का? एररचं व्हेरिअन्स सारखं नसेल तर वर्गबेरजांवरून काढलेला एफ कुठल्याच डेटावर धड नाही. मग linearHypothesis मध्ये white.adjust = "hc1" घालून वाल्ड टेस्टचा एफ घ्यावा लागेल.

टिपकागद
मुद्दा रास्त आहे, पण आधी आकडे जुळू द्या.

स्वाती_प
जुळले! १०६ जणांवर छोट्या मॉडेलची वर्गबेरीज ८७२० आली. फरक ६४०, दोन निर्बंध म्हणून भागिले २, म्हणजे ३२०. मोठ्याचं ८०८० भागिले १०१, म्हणजे ८०. ३२० भागिले ८० बरोबर ४.०. छोट्याचा आर-स्क्वेअर आता ०.४५५ झाला. फरक ०.०४, त्याचा निम्मा ०.०२. उरलेला ०.५०५ भागिले १०१, म्हणजे ०.००५. इथूनही ४.०. पी-व्हॅल्यू ०.०२१.
निळीशाई, आईला एकटीला काढलं तर वडिलांचा टी २.६ झाला.

निळीशाई
बघा. पाच टक्क्यांना तक्त्यातला आकडा ३.०९ च्या आसपास असतो. तुमच्या २.५ वर विसंबला असता तर दोन्ही चल गाळले असते, आणि ९.७५ वर विसंबला असता तर पुरावा आहे त्याहून कितीतरी पक्का वाटला असता.

मेघना२७
माझ्या सहा डमींचाही एकत्र एफ काढून बघायला हवा होता. ते सहाही एकाच प्रश्नाच्या उत्तरातले होते. डेटा अजून आहे, आज बसते.

उंबरठा
पण ती चौदा मुलं कोण? आईवडील कमी शिकलेले असतील त्यांनीच रकाना कोरा सोडला असेल, तर १०६ जणांवरचा ४.० हिशेबाने बरोबर असूनही सगळ्या मुलांना लागू होईलच असं नाही. त्या चौदांची हजेरी आणि मागचे गुण बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत का, बघितलंत?

स्वाती_प
हजेरी आत्ता काढली. चौदांची सरासरी बरीच कमी आहे. याचं काय करायचं?

टिपकागद
उद्या गाईडला तेच आधी दाखवा, मग एफ. सरासरी भरू नका. फॉर्म कागदावर असतील तर ते चौदा परत काढता येतील का?