'चटईक्षेत्र निर्देशांक' आणि 'भूव्याप्ती' यांचा नेमका अर्थ काय?

कोनाडा
एक मसुदा तपासतोय. त्यात लिहिलंय: 'भूखंडाचे क्षेत्र ३०० चौ.मी., चटईक्षेत्र निर्देशांक १.१, कमाल भूव्याप्ती ५० टक्के. अनुज्ञेय बांधकाम क्षेत्र ३३० चौ.मी.' मी निम्मी जागा म्हणजे १५० धरली, तिला १.१ ने गुणलं, तर १६५ येतात. मग ३३० आले कुठून? दुसरं म्हणजे, 'चटईक्षेत्र' म्हणजे कार्पेट ना? मग हे ३३० भिंती वगळून धरायचे का?

रोखठोक
३३० बरोबर आहे. निर्देशांक अख्ख्या भूखंडाला लागतो, निम्म्याला नाही. बाकी सोपं आहे. निर्देशांक १ असला की एक मजला, २ असला की दोन मजले. तुमच्याकडे १.१ आहे, म्हणजे एक मजला आणि गच्चीवर एखादी खोली. भूव्याप्तीचा या हिशेबाशी संबंध नाही, ती मोकळ्या जागेसाठी असते.

ओळंबा
रोखठोक, पहिलं वाक्य मान्य. मजल्यांचं मात्र तसं नाही. निर्देशांक १ म्हणजे एक मजला हे तेव्हाच खरं, जेव्हा तुम्ही कुंपणापासून कुंपणापर्यंत बांधता. इथे जमिनीवर १५० च्या वर जाता येत नाही, त्यामुळे ३३० वापरायचे तर वर चढावंच लागेल. ३३० ला १५० ने भागलं की २.२ येतात. म्हणजे तळमजला १५०, पहिला १५० आणि दुसऱ्यावर उरलेले ३०. किंवा ११० चे तीन मजले करा, तेही चालतं. भूव्याप्ती तेवढी पूर्ण वापरलीच पाहिजे असं काही नाही.

कोनाडा, तुम्ही दोन्ही मर्यादा एकमेकींत गुणल्यात. त्या स्वतंत्र आहेत. निर्देशांक सांगतो, सगळे मजले मिळून किती. भूव्याप्ती सांगते, जमिनीवर इमारतीने किती जागा अडवायची. एकीचा आकडा दुसरीत घालायचा नसतो, दोन्ही एकाच वेळी पाळायच्या असतात.

भिंगरी
माझा अनुभव सांगते. आम्ही घर घेतलं तेव्हा कागदावर बिल्टअप एक आणि प्रत्यक्ष चटई अंथरण्याजोगी जागा त्याहून बरीच कमी. म्हणजे निर्देशांकानेच आमची जागा खाल्ली असणार. या ३३० मधूनही तसंच काही कापणार का?

ओळंबा
भिंगरी, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही सांगता ते सदनिकेचं बिल्टअप, म्हणजे एका घराचं, त्याच्या भिंतींसकट. इथे चर्चा चालली आहे ती अख्ख्या भूखंडावरच्या बांधकाम क्षेत्राची. निर्देशांकाने तुमची जागा खाल्ली नाही, भिंतींनी खाल्ली. शिवाय विकताना जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरला असेल तर तोही त्यात गेला.

पण तुमच्यामुळे कोनाडांच्या दुसऱ्या प्रश्नावर येता आलं. 'चटईक्षेत्र निर्देशांक' या नावातली चटई फसवी आहे. यात जे मोजतात ते साधारणपणे भिंतींच्या जाडीसकट, बाहेरच्या कडेपासून. म्हणजे ३३० म्हणजे ३३० चटई नव्हे.

एका मजल्यावर बघा. बाहेरून ११ मीटर बाय १२.५ मीटर, म्हणजे १३७.५ चौ.मी. बाहेरच्या भिंती २३ सें.मी. जाडीच्या. आतली मोकळी मापं होतात १०.५४ आणि १२.०४ मीटर, म्हणजे सुमारे १२६.९. आतल्या भिंती, शाफ्ट काहीही न धरता साडेदहा चौ.मी. गेले. तीच चटईक्षेत्र आणि बांधकाम क्षेत्र यांच्यातली दरी, आणि अजून आतल्या भिंती बाकीच आहेत.

कोनाडा
मग 'अनुज्ञेय चटईक्षेत्र ३३०' असं कुणी लिहिलं तर चूकच?

ओळंबा
मी असतो तर ते काटलं असतं. 'अनुज्ञेय बांधकाम क्षेत्र' लिहा. 'अनुज्ञेय' हा शब्दही ठेवा, कारण तो कमाल सांगतो, हमी देत नाही. निर्देशांकाने ३३० दिले म्हणजे ३३० मिळतीलच असं नाही.

रोखठोक
का नाही मिळणार? आकडा कागदावर आहे.

ओळंबा
वरचं १३७.५ मी उगाच घेतलं नव्हतं. समजा भूखंड १५ मीटर रुंद आणि २० मीटर खोल. पुढे ४.५, मागे ३ आणि दोन्ही बाजूंना २-२ मीटर सामासिक अंतर सोडायचं आहे. उरतात ११ बाय १२.५, म्हणजे १३७.५. भूव्याप्तीने १५० ची मुभा दिली, पण सामासिक अंतरांनी ती आधीच कापली. आता वर दोनच मजल्यांची परवानगी असेल, म्हणजे तळमजला धरून दोन, तर सगळं मिळून २७५ होतं. निर्देशांकातले ५५ चौ.मी. हवेत राहिले.

आणि उलटंही होतं. त्याच भूखंडावर पुढे ३, मागे २ आणि बाजूंना दीड-दीड मीटर असतं, तर आत १२ बाय १५, म्हणजे १८० बसतात. पण भूव्याप्ती १५० वर थांबवते. कोणता नियम आडवा येतो हे मापं घातल्याशिवाय कळत नाही. भूखंड अरुंद असला की बहुधा सामासिक अंतरंच आधी आडवी येतात.

कोनाडा
म्हणजे तीन आकडे काढायचे आणि त्यातला लहान घ्यायचा?

ओळंबा
जवळजवळ. एका मजल्याचं क्षेत्र ठरवताना भूव्याप्ती आणि सामासिक अंतरांतून उरलेली जागा, यातली लहान ती घ्या. तिला परवानगीच्या मजल्यांनी गुणा. मग त्याची निर्देशांकाच्या ३३० शी तुलना करा. जे कमी, तेवढंच खरं. आणि ३०० हा आकडा आधी तपासा. रस्तारुंदीत ३० चौ.मी. जाणार असतील तर बऱ्याच नियमांत हिशेब २७० वर होतो: बांधकाम २९७, जमिनीवर १३५. काही ठिकाणी सोडलेल्या जागेचा मोबदला निर्देशांकातच देतात, तेव्हा तो भाग वेगळा वाचावा लागतो.

भिंगरी
'भूव्याप्ती'ऐवजी 'जमिनीवरील व्याप्ती' लिहिलं तर माझ्यासारख्यांना लगेच कळेल. 'भूव्याप्ती' ऐकून मला नकाशातला देश आठवतो.

रोखठोक
तक्त्यात एवढं लांब नाव मावणार आहे का? आणि चटईवर एवढा राग असेल तर 'मजला क्षेत्र निर्देशांक' म्हणा. पण बाहेर सगळे 'एफएसआय'च म्हणतात.

ओळंबा
'मजला क्षेत्र' चटईपेक्षा बरं वाटतं. पण नियमांतलं नाव चटईचंच असेल तर मसुद्यात एकट्याने बदलू नका, वाचणाऱ्याला तो दुसराच निर्देशांक वाटेल. आधी एका ओळीत 'भिंतींसह' असं स्पष्ट केलं तरी पुरे.

कोनाडा
शेवटचं. मसुद्यात तळमजल्यावर भिंती नसलेली, फक्त खांबांवरची गाड्यांची जागा आहे. ती कुठे मोजायची?

ओळंबा
तीच गंमत आहे. अशी जागा अनेक नियमांत निर्देशांकात धरत नाहीत, पण इमारत तिच्यावर उभी असल्याने भूव्याप्तीत ती येते. काही नियमांत उंचीच्या मर्यादेतही तिने एक मजला खाल्लेला असतो.

रोखठोक
मी पाहिलेल्या मंजूर नकाशात ती दोन्हींत मोजली होती.

ओळंबा
बंदिस्त केली असेल, किंवा त्या नियमांत तसंच असेल. कोनाडा, तुमच्या मसुद्याला लागू नियमांत 'वगळलेली क्षेत्रे' असं कलम असेल, ते इथे टाका. छज्जे आणि बाल्कन्यांचंही त्यातच असतं.