यमक जुळलं की मशीन?

चिमटा: पावसाळी विशेषांकातल्या त्या कवितेची चार कडवी, एकही यमक चुकलेलं नाही. माती, ढग, बीज, वीज सगळं जागच्या जागी. माणूस इतकं नेटकं लिहीत नाही. ही मशीनचीच.

मात्रामोजे: मग मनाचे श्लोकही मशीनचेच म्हणा! 205 श्लोक, भुजंगप्रयात, चरणागणिक बारा अक्षरं. उलट तुमची ती कविता नेटकी नाहीच. हे बघा:

मातीच्या कुशीत निजले बीज,
ढगांच्या डोळ्यांत जागते वीज.

अक्षरं 11-11, पण मात्रा पहिलीत 17, दुसरीत 18. चाल लावून म्हणा, 'ढगांच्या'पाशी ठेचकाळता. शिवाय 'बीज'चा ज जहाजातला नाही, 'वीज'चा आहे. यमक डोळ्यांना जुळतं, कानाला नाही. मशीन छापील अक्षरांवर शिकते, तिचं असं होतं.

वऱ्हाडी_ठेचा: झालं, आले पुणेरी कान! आमचा ज आम्ही म्हणू तसा. आणि ओवी-अभंगात अक्षरंच मोजतात, मात्रा कोण मोजतो?

मात्रामोजे: बरं, अक्षरछंद म्हणून 17-18 सोडलं. पण अभंग 6-6-6-4 चा किंवा 8-8 चा. 11-11 कुठला?

वऱ्हाडी_ठेचा: कवीचा! दरवेळी तुमच्याकडून पावती फाडून घ्यायची का? शाळेत माझ्या 'ज'वर वर्ग हसायचा, तेव्हापासून मी वर्गात मोठ्याने वाचलं नाही. आता त्याच 'ज'वरून माणूस की मशीन ठरवणार?

मात्रामोजे: ज मागे घेतो. मन मोठं करा.

निळी_शाई: माझं ऐका. 1994 च्या वहीतली कविता गेल्या वर्षी एका अंकाला पाठवली. उत्तर आलं, "यमकं फार स्वच्छ आहेत, आपलीच ना?" वहीच्या त्या पानावर लेकीने दूध सांडलंय, 'पाझर'ला यमक मिळेना म्हणून तीन शब्द खोडलेत. पानाचा फोटो पाठवला. उत्तर नाही. मुक्तछंद लिहिला असता तर कुणी विचारलं नसतं.

चिमटा: मुक्तछंदाला मध्ये आणू नका. पण यमकाचा मुद्दा सोडतो, खूश? प्रतिमांचं काय? कुठली माती, काळी की तांबडी? कुठल्या गावचा ढग? त्या दोन ओळींची जागा बदला, कुणाला कळणारही नाही.

मात्रामोजे: हा मुद्दा बरा आहे. पण असल्या बिनगावच्या मातीच्या कविता आपण अंकांतून वर्षानुवर्षं वाचल्यात, तेव्हा लिहिणारी माणसंच होती. आणि 2024 साली अमेरिकेतल्या दोघांनी इंग्रजी कवितांवर 'माणूस की मशीन' अशी चाचणी घेतली, सामान्य वाचकांचे 46.6 टक्केच अंदाज बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर बरं.

चिमटा: इंग्रजीच्या वाचकांचं मला काय सांगता? मराठी वाचकाला कळतं.

निळी_शाई: कळलं असतं तर मला 'आपलीच ना?' असं विचारलं नसतं.