मदत हवी आहे: एक मशीन म्हणतं बॅटरी बदला, दुसरं म्हणतं काठावर. खरं कुणाचं?

सिन्नरकर

गाडी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएच, अडीच वर्षं झाली. लग्नासाठी गावी गेलो होतो, गाडी १२ दिवस बिल्डिंगखाली उभी. आल्यावर चावी फिरवली तर नुसतं टकटक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला आणि तशीच ६ किलोमीटरवरच्या गॅरेजला नेली. तिथे छोटं डिजिटल मशीन लावून ही स्लिप हातात दिली:

```
VOLTAGE:  12.21V
RATED:    500 CCA
MEASURED: 205 CCA
SOH:      41%
REPLACE
```

"साहेब, ही गेली." नवी बसवायची घाई चालली होती म्हणून मी थांबलो. दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे जुना, काट्याचा लोड टेस्टर होता, तो बटण दाबल्यावर तापतो तसला. दहा सेकंदांत काटा पिवळ्या पट्ट्यात, साधारण ९.५ वर. तो म्हणाला, "काठावर आहे, अजून सहा महिने ओढेल." आता विश्वास कुणावर ठेवू? नवी बॅटरी घेण्याइतके पैसे या महिन्यात सहज नाहीत.

जुना_गियर

मशीनबिशीन सगळं बॅटरी विकायचं साधन आहे. घरी मल्टीमीटर लावा. १२.६ दाखवला की बॅटरी ठणठणीत, विषय संपला.

सांगलीचा_बॅटरीवाला

जुना गियर, अर्धं बरोबर. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली आहे, एवढंच. टाकी भरली म्हणून इंजिन चांगलं असं होत नाही. माझ्या दुकानात १२.६ दाखवणाऱ्या कितीतरी बॅटऱ्या स्टार्टर मारला की ८ वर कोसळलेल्या पाहिल्यात.

सिन्नरकर, मला तुमच्या स्लिपमधली दुसरी ओळ खटकतेय. सीसीए म्हणजे थंडीत बॅटरी स्टार्टरला किती अँपिअरचा धक्का देऊ शकते तो आकडा. ३५ एएचच्या बॅटरीला ५०० सीसीए? बॅटरीवरच्या लेबलवर काय छापलंय ते बघून सांगा. आणि मशीनचे चिमटे कुठे लावले होते? शिशाच्या खांबाला की वायरच्या नट-बोल्टला?

सिन्नरकर

लेबलवर ३१० सीसीए आहे. चिमटे बोल्टला लावले होते बहुतेक. प्लसच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर होता, तो साफ केला नव्हता.

सांगलीचा_बॅटरीवाला

मग ऐका.

हे डिजिटल मशीन बॅटरीवर लोड टाकतच नाही. बारीकसा सिग्नल सोडून आतल्या प्लेटांतून वीज किती मोकळी जाते ते मोजतं आणि त्यावरून सीसीएचा अंदाज बांधतं. मग तुम्ही जो आकडा आधी भरला त्याने भागतं. २०५ भागिले ५०० म्हणजे ४१ टक्के. तेच ३१० भरले असते तर ६६ आले असते. पोराने मागच्या मोठ्या गाडीचा आकडा तसाच ठेवून ओके दाबलेलं असणार, हे रोज होतं. वर चिमटा बोल्टला आणि मध्ये बुरशी, म्हणजे मशीनने बॅटरीबरोबर तो थरही मोजला.

पण ६६ हेसुद्धा खरं नाही, कारण बॅटरी उतरलेली होती. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. तीही इंजिन नुकतंच बंद केल्यावरची, म्हणजे वरवरच्या चार्जने थोडी फुगलेली. प्रत्यक्षात १२ च्या आसपास, पाव भरलेली धरा. उतरलेली बॅटरी मशीनला आजारी दिसते. चांगली मशीनं अशा वेळी CHARGE & RETEST म्हणतात, पण भरलेला आकडा इतका चुकीचा असेल तर तीही फसतात.

लोड टेस्टरचंही तेच. १२.४ च्या खाली असलेल्या बॅटरीवर लोड मारून निकाल द्यायचाच नसतो. तुमचा पिवळा पट्टा म्हणजे उपाशी माणसाला धावायला लावून दम मोजणं.

दोन्ही निकाल रद्द धरा. बॅटरी काढून चार्जरवर लावा. ३५ एएचला साडेतीन अँपिअर पुरे, रात्रभर. खोली मोकळी हवेशीर असू दे, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. मग सात-आठ तास नुसती ठेवा, टर्मिनल कोमट पाण्यात सोडा घालून घासा आणि मग टेस्ट करा.

मीनल_ठाणे

माझ्या डिझेल गाडीला तर तीन वेळा GOOD आलं, आणि तरी दोन दिवस उभी राहिली की बंद! म्हणजे मशीन खोटंच ना? की तुमचा सोडा मीही वापरू?

सांगलीचा_बॅटरीवाला

मीनलताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. हे मशीन धक्का किती जोरात देता येईल ते सांगतं, पाणी किती साठतं ते नाही. जुन्या बॅटरीत सीसीए बरा आणि साठा अर्ध्यावर, असं होऊ शकतं. किंवा गाडी बंद असताना काहीतरी वीज खातंय. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मायनसच्या वायरीत मल्टीमीटर अँपिअरवर लावून घ्या. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, फ्यूज जाईल.

सिन्नरकर

चार्ज करून आलो. रात्रभर चार्जर, मग दिवसभर ठेवली. संध्याकाळी १२.६६. तिसऱ्याच गॅरेजमध्ये गेलो, ३१० स्वतः उभं राहून भरायला लावले, चिमटे शिशावर. आलं २६२ सीसीए, ८४ टक्के, GOOD. त्यांच्या काट्याच्या टेस्टरवर १०.३, हिरव्यात.

सांगलीचा_बॅटरीवाला

काटा १०.३ वर *थांबला* होता की सरकत होता? चांगली बॅटरी एकदम खाली येते आणि तिथेच टिकून राहते. थकलेली दहाही सेकंद हळूहळू घसरत राहते, तो खरा पिवळा. आणि एखादा सेल मेला असेल तर काटा धाडकन पडतो, झाकणं उघडी असतील तर त्याच सेलमध्ये बुडबुडे दिसतात. पुढच्या वेळी स्वतः पाहाल तर बटण सोडल्यावरच चिमटा काढा, ठिणगी नको.

एक लक्षात ठेवा, काट्याचा टेस्टर ठराविक १०० अँपिअर ओढतो. नियमाप्रमाणे लोड टेस्ट म्हणजे सीसीएच्या निम्मा, तुमच्यासाठी १५५, पंधरा सेकंद, आणि साधारण २१ डिग्रीला ९.६ च्या खाली जायचं नाही. म्हणजे तुमचा हिरवा थोडा सोप्या पेपरातला आहे.

माझा स्वतःचा हिशोब: भरलेल्या बॅटरीवर, बरोबर आकडा घालून ८० च्या वर आलं की विसरून जा. ६० ते ८० मध्ये दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. ६० च्या खाली दोनदा आलं तर बदला. मशीनगणिक या रेषा हलतात.

सिन्नरकर

टिकून होता. पण मग १२ दिवसांत उतरली कशी?

सांगलीचा_बॅटरीवाला

३५ मधले पाऊण, म्हणजे २६ एएच गेले असं धरू. १२ दिवसांचे तास २८८. सरासरी ९० मिलिअँपिअर येतात. हे जास्त आहे. डॅशकॅम आहे का?

सिन्नरकर

डॅशकॅम आहे, पण तो चावीबरोबर बंद होतो असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. जीपीएससुद्धा लावलाय, कर्जवाल्यांनी बसवलेला.

जुना_गियर

बसवणाऱ्यांनी मला पण असंच सांगितलं होतं.

सांगलीचा_बॅटरीवाला

जीपीएस बहुतेक दहा-वीसच्या वर खात नाही. डॅशकॅमचा फ्यूज काढून पहिलं माप घ्या, मग बोलू. रविवारी ऊन चढण्याआधी करा, बॉनेट उघडं ठेवून उभं राहायचंय.