झिरो बाईट फाईल: जुना मजकूर कधी मिळतो?

> "परळला लाईट गेली, पीसी बंद पडला, आता हिशोबाची टेक्स्ट फाईल ० बाईट दाखवते. गेलं का सगळं?"

सगळं नाही. साधे एडिटर सेव्ह करताना आधी जुनी फाईल शून्यावर आणतात आणि मग नवीन मजकूर लिहितात, तो काही सेकंद रॅममध्येच असतो, नेमकी तेव्हा लाईट गेली की नाव राहतं, साईझ शून्य. सेव्ह न झालेलं रॅमसोबत गेलं, ते विसरा. जुनं मात्र हार्ड डिस्कवर बहुतेक तसंच पडून असतं, फक्त ती जागा रिकामी म्हणून नोंदलेली, त्यामुळे तिथे काहीही कॉपी करू नका, डिस्क दुसऱ्या पीसीला लावून डेटा रिकव्हरी सॉफ्टवेअरने स्कॅन करा, आणि फाईलच्या नावाने नाही तर आतल्या एखाद्या शब्दाने शोधा. एसएसडीवर रिकामी जागा आपोआप पुसणारं ट्रिम चालून गेलं असेल तर मात्र जवळजवळ अशक्यच.