प्रतिसाद: भवानी झोपते तेव्हा रेणुका जागी असते

> शेवटी देव एकच ना? मग भवानी, रेणुका, योगेश्वरी ही एकीचीच नावं का मानू नयेत?

आधी तुळजापूरचा वर्षक्रम बघा. भाद्रपद वद्य अष्टमीला भवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात आणि घटस्थापनेला परत आणतात. ही घोर निद्रा. सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, कारण नऊ रात्री ती महिषासुराशी लढलेली असते. मूर्ती चल आहे म्हणूनच हे शक्य होतं. माहूरला असं काही होत नाही. तिथली रेणुका जमदग्नीची पत्नी, परशुरामाची आई. तिची कथा वेगळी आणि मुखवटा डोंगरावर स्थिर. अंबाजोगाईची योगेश्वरी तर दूर कोकणातल्या कित्येक घराण्यांची कुलदेवता.

त्यामुळे ज्या घराचा कुळाचार तुळजापूरचा, त्यांचं माहूरला जाऊन भागत नाही. गोंधळातही प्रत्येक देवीला तिच्या गावाच्या नावानं वेगवेगळं बोलावतात. ‘खरा देव एकच, बाकी नावं’ हे गृहीत धरलं, की हा सगळा आचार अडाणीपणा ठरतो. मला ते मुळीच पटत नाही.

एकत्वाचा विचार आपल्याकडेही आहेच. सप्तशतीच्या दहाव्या अध्यायात देवी शुंभाला सांगते की या जगात मी एकटीच आहे, आणि बाकीच्या देवी तिच्यात सामावतात. पण लगेच अकराव्या अध्यायात ती पुढच्या अवतारांची नावं आणि कामं वेगवेगळी सांगते: शाकंभरी, भ्रामरी. म्हणजे इथलं एकत्व इतर देवींना खोटं ठरवत नाही. पौषात तुळजापुरात शाकंभरी नवरात्र बसतं, ते याच जोरावर.