शेडचं ब्रीफ देताना पुढची वाढ आत्ताच लिहायची का?

बुटीबोरीकर: बुटीबोरीत फॅब्रिकेशनचं शेड बांधतोय. 18 मीटर स्पॅन, 6 मीटरचे पाच गाळे, उंची 7 मीटर. तीन-चार वर्षांनी लांबी दुप्पट करायची आणि 5 टनांची ईओटी क्रेन बसवायची असं मनात आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला हे आत्ताच लिहून द्यावं का? भाऊ म्हणतो, लिहिलं की स्टील वाढतं.

लोखंडी: लिहाच, पण नेमकं लिहा. नुसतं ‘भविष्यात वाढ’ लिहून काही होत नाही, कुठल्या बाजूला ते हवं. टोकाच्या फ्रेमवर छपराचा 3 मीटरचाच पट्टा येतो, म्हणून ती हलकी करतात आणि खाली वाऱ्यासाठी मधले खांब देतात. शेड तिकडे वाढवलं की तीच फ्रेम 6 मीटरचा पट्टा पेलते, आणि ते मधले खांब वाटेत येतात म्हणून काढावे लागतात. तेव्हा ‘पूर्वेची टोकाची फ्रेम मधल्या फ्रेमसारखीच’ असं स्पष्ट लिहा. जास्तीचं स्टील एका फ्रेमपुरतंच लागेल.

क्रेनसाठी हुकची उंची आधी ठरवा. 7 मीटर कशाच्या हिशोबाने धरली? छप्पर नंतर उचलता येत नाही.

साधा_हिशोब: मला पटत नाही. क्रेन येईलच कशावरून? खांबांना नंतर प्लेटा वेल्ड करता येतात, नाहीतर क्रेनला वेगळे खांब उभे करता येतात. आज तो पैसा मशीनला लावा ना.

लोखंडी: खांबाचं बरोबर आहे. पायाचं काय? क्रेनचा पूल 6 टनांचा धरा. उचललेला माल एका टोकाला गेला की त्या बाजूच्या दोन चाकांवर मिळून 8 टनांच्या आसपास येतात, धक्क्याचे 25 टक्के धरले की 10. शिवाय हा भार खांबाच्या मध्यावर नाही, बाहेर काढलेल्या ब्रॅकेटवर येतो, म्हणून पायाला वाकवतो. चालू कारखान्यात काळ्या मातीतलं फुटिंग उकरायला कोण तयार होईल? फुटिंग आणि अँकर बोल्ट आत्ताच क्रेनसकट करा. खांबाचं नंतर बघता येईल.

हिंगणा_रोड: क्रेनचं राहू द्या, आमचे पत्रे वादळात उडाले! नागपूरला वारा 44 मीटर प्रति सेकंद धरतात, तोच धरला होता. नकाशानंतर ठेकेदाराने दोन मोठी शटरं वाढवली, डिझाइनवाल्याला कळवलंच नाही.

लोखंडी: याचा इथे संबंध आहे, भाऊ. भिंतीचा 20 टक्क्यांहून जास्त भाग उघडा राहिला, तर आतल्या दाबाचा गुणांक 0.2 ऐवजी 0.7 धरावा लागतो. वारा आत शिरून छप्पर वर ढकलतो, बाहेरून ओढ असतेच. हलक्या शेडला वजनापेक्षा हीच उचल जास्त त्रास देते. बुटीबोरीकर, शटरांची मापं ब्रीफमध्ये टाका, आणि वाढीच्या कामात टोकाची भिंत किती दिवस उघडी राहील तेही.

साधा_हिशोब: फुटिंगचं मान्य. हुकच्या उंचीसाठी अख्खं शेड वर नेणं मात्र अजून महागच वाटतं. पत्रा, खांब, वारा, सगळंच वाढतं.

बुटीबोरीकर: पूर्वेला प्लॉटची हद्द 34 मीटरवर आहे. सोडायची जागा वजा केली तर 30 मीटर बसतात का ते आधी मोजतो. छपरावर सोलरही लावायचं आहे, त्याचं वजन वेगळं लिहायचं का?

लोखंडी: हो, चौरस मीटरला किती किलो ते पॅनेलवाल्याकडून घेऊन लिहा. नंतर सांगितलं तर पर्लिन बदलाव्या लागतील.