मदत हवी आहे: टोरिचेल्लीच्या कर्ण्याचा उलटा प्रश्न

नमस्कार मंडळी, मी फोंड्यात बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. y = 1/x हा वक्र x = 1 पासून पुढे x-अक्षाभोवती फिरवला की लांबच लांब कर्णा तयार होतो. x = b पर्यंतचं घनफळ π(1 − 1/b), म्हणजे b कितीही वाढवा, ते π च्या पुढे जात नाही.

पृष्ठफळाचं संकलन मात्र 2π(1/x)√(1 + 1/x⁴) चं. ते सरळ सोडवत बसायची गरजच नाही. वर्गमूळ 1 पेक्षा मोठं, म्हणून पृष्ठफळ 2π ln b पेक्षा जास्त, आणि ln b ला मर्यादा नाही. हे मुलांना पटलं.

मग एकीने विचारलं, "सर, पृष्ठफळ सांत आणि घनफळ अनंत, असा कर्णा असतो?" (पोरगी हुशार!) मी म्हटलं, नाही. त्रिज्या f(x) कुठेही M पेक्षा मोठी नसेल तर f² ≤ M·f, म्हणजे f चं संकलन सांत असेल तर f² चंही सांतच.

पण f ला असा M असतोच, हे पृष्ठफळ सांत आहे एवढ्यावरूनच निघतं का? √(1 + f′²) ≥ |f′| वापरून होईल असं वाटतंय. पुढची पायरी कोणी सांगेल का?